बॉक्स जंप आणि डेप्थ जंप: बॉक्स तोच, काम उलटं (माझा अनुभव)

मी क्लबकडून व्हॉलीबॉल खेळतो, मिडल ब्लॉकर. उभ्या उभ्या उडी बरी जायची पण ब्लॉकला एकदा उडी मारून खाली आलो की लगेच दुसरी मारायची वेळ आली की पाय जड व्हायचे. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बॉक्स जंप चालू ठेव, पण आता डेप्थ जंप पण घे, आणि उंची मी सांगणार नाही, तुझी तूच मोजून काढ." तर ती उंची कशी काढली ते लिहितोय.

आधी फरक. बॉक्स जंपमध्ये तुम्ही जमिनीवरून वर जाता. थोडं खाली बसता, मग मांड्या आणि नितंबाचे स्नायू आखडत जोर लावून शरीर वर ढकलतात. खाली बसताना ते थोडे ताणले जातातच, पण आरामात, आणि मुख्य काम ढकलण्याचं. उतरताना बॉक्स मधेच भेटतो म्हणून मार कमी. समजा शरीर ५० सेंटीमीटर वर गेलं आणि बॉक्स ४० चा आहे, तर पडायचं फक्त १० च्या आसपास. थोडक्यात इथे बॉक्सची उंची म्हणजे लँडिंग हलकं करायची सोय. जिममध्ये छातीएवढ्या बॉक्सवर चढणारे दिसतात ना, ते बहुतेक वेळा गुडघे छातीला लावून पाय वर ओढत असतात, शरीर काही तेवढं जास्त वर गेलेलं नसतं. सरांची खूण सोपी आहे: उडी मारताना गुडघे जेवढे वाकले होते साधारण तेवढेच बॉक्सवर उतरताना वाकले तर उंची बरोबर, बेडकासारखं बसावं लागलं तर बॉक्स कमी करा.

डेप्थ जंप उलटी. बॉक्सवरून एक पाय पुढे टाकून नुसतं पडायचं, दोन्ही पायांवर उतरायचं आणि जमिनीला लागताक्षणी वर. सोव्हिएत कोच युरी वेर्खोशान्स्की यांनी ही पद्धत पुढे आणली, ते तिला शॉक मेथड म्हणायचे आणि नाव अगदी बरोबर आहे. पडताना आलेला वेग थांबवायला पोटरी आणि मांडीचे स्नायू ताण घेत घेत ब्रेक लावतात, अकिलीस टेंडन रबरासारखा ताणून ऊर्जा साठवतो आणि लगेच वर निघालं तर ती परत मिळते. उशीर केला की ती उष्णता होऊन जाते आणि मग तुम्ही फक्त खाली बसून पुन्हा उडी मारताय. म्हणून जमिनीवरचा वेळ साधारण पाव सेकंदाच्या आत हवा.

आणि इथे बॉक्सची उंची म्हणजे थेट डोस. उंची दुप्पट केली की थांबवायची ऊर्जा दुप्पट. ३० वरून पडलं तर जमिनीला लागताना वेग सेकंदाला जवळपास २.४ मीटर, ६० वरून ३.४.

मोजायला मोबाईलचा स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम वाला. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. पाय टेकल्यापासून सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या की जमिनीवरचा वेळ, सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या मोजल्या की हवेतला वेळ, त्यावरून उडीची उंची निघते: हवेतल्या सेकंदांचा वर्ग गुणिले १.२३, उत्तर मीटरमध्ये. उंचीला जमिनीवरच्या वेळाने भागलं की रिअॅक्टिव्ह स्ट्रेंथचा आकडा.

२० च्या बॉक्सवर माझी उडी ३५ सेंटीमीटर, जमिनीवर ०.२१ सेकंद, आकडा १.६७. ३० वर उडी ३७, वेळ ०.२२, आकडा १.७. ४५ वर उडी ३८ आली, मी खूश, पण वेळ बघितला तर ०.३० आणि आकडा १.२७ वर घसरला. व्हिडिओत दिसतच होतं, टाच जमिनीला ठोकली जात होती, गुडघे खोल वाकत होते, आणि आवाज पण धप्प असा. ३० वर तो आवाज टक्क असा छोटा येतो. म्हणजे ४५ ला स्नायू ब्रेक लावण्यातच संपत होते. माझी उंची ३०, विषय संपला. दुसऱ्या कुणाची वेगळी येईल, आमच्या सेटरची ४० ला पण टाच टेकत नाही.

एक बारीक गोष्ट. बॉक्सवरून निघताना नकळत वर उडी घेतली किंवा गुडघा वाकवून हळूच उतरलात तर पडायची खरी उंची बदलते आणि आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. सगळे प्रयत्न साईडने शूट करा, कंबर निघताना वर उसळते का बघा.

आता आठवड्यात डेप्थ जंप दोनदा, वॉर्मअपनंतर लगेच, पाय ताजे असताना, पाच पाचचे तीन चार सेट आणि मधे दोन तीन मिनिटं आराम (हा आराम बघून जिमवाले हसतात, हसू देत). टक्क चा धप्प झाला की सेट तिथेच बंद. मॅचच्या आदल्या दिवशी डेप्थ जंप नाही, हवं तर थोड्या बॉक्स जंप, आणि त्यातही बॉक्सवरून खाली येताना एकेक पाय टाकून चालत उतरायचं, उडी मारून उतरलं की लँडिंगचा वाचवलेला मार पुन्हा अकिलीसलाच बसतो.