तुम्ही विचारलंत म्हणून: जुलाब थांबवणारी बारकी गोळी

"ताई, जुलाब थांबवायची ती बारकी गोळी द्या ना दोन-चार. रात्रीच्या गाडीनं नांदेडला जायचंय. घेतली तर चालेल ना?"

देते, पण आधी सांगा, ताप मोजलात का? हात लावून नाही, थर्मामीटर लावून. आणि संडासात आव किंवा रक्त दिसलं का?

मेडिकलच्या काउंटरवर चारचौघांत हे विचारलं की गिऱ्हाईक ओशाळतं. काही जण "नाही हो, साधे पाण्यासारखेच आहेत" असं म्हणून विषय मिटवतात. पण ही बारकी गोळी, म्हणजे लोपेरामाइड, द्यायची की नाही, हे मी याच दोन उत्तरांवर ठरवते. जुलाब दिवसातून चारदा होतात की दहादा, याला त्यामानानं कमी महत्त्व आहे.

ही गोळी करते काय ते आधी बघू. लोपेरामाइड १९६९ साली बेल्जियममधल्या यान्सन कंपनीत तयार झालं. रसायन म्हणून ते अफूच्या गोतावळ्यातलं. अफूनं पोट बांधतं हे आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक होतंच, पण तिच्याबरोबर गुंगी आणि व्यसनही येतं. लोपेरामाइडची खुबी ही, की नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन पहाऱ्याला असतं, ते या औषधाला परत रक्तात ढकलतं. म्हणून काम होतं ते आतड्यात. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर बसून ते आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंद करतं. आतला ऐवज जास्त वेळ तिथे राहतो, तेवढ्या वेळात आतडं पाणी शोषून घेतं. गुदद्वाराचा स्नायूही थोडा घट्ट होतो, त्यामुळे घाईनं पळावं लागत नाही.

यात जंतू मारण्याचं काम कुठेच नाही. विष बाहेर काढण्याचंही नाही.

पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूमुळे किंवा बाहेरच्या खाण्यातल्या काही जंतूंच्या विषामुळे होतात. त्यात आतड्याचं अस्तर शाबूत असतं, फक्त पाणी सुटत असतं. इथे आतड्याची घाई कमी केली तर माणसाला आराम मिळतो आणि बिघडत काही नाही. शिगेला, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू मात्र आतड्याच्या अस्तरात घुसतात. तिथे सूज येते, फोड होतात, रक्त आणि आव सुटते, ताप चढतो, मुरडा येतो. अशा वेळी आतडं जे झपाट्यानं बाहेर टाकत असतं ते टाकू द्यायला हवं. तेच अडवलं तर जंतू आणि त्यांचं विष सुजलेल्या आतड्यात जास्त वेळ मुरतं. क्वचित मोठं आतडं फुगून निपचित पडतं, त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात, आणि त्यात जीवावर बेतू शकतं. क्वचित म्हणजे क्वचितच. पण तो धोका टाळण्यासाठी पणाला काय लावतोय, तर एका रात्रीचा प्रवास.

आता नांदेडच्या गाडीचं बोलू. मागे असाच एक तरुण आला होता. दुपारी लग्नात जेवला आणि संध्याकाळपर्यंत चार-पाच वेळा पाण्यासारखं झालं. ताप ९८.६, आव नाही, रक्त नाही, उलटी एकदाच. लघवी होत होती आणि रंगही गडद नव्हता. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम विचारते, कारण अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या जुलाबांत कधी कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू असतो आणि त्यातही ही गोळी नकोच. त्याला मी गोळी दिली, ती अशी.

एका गोळीत २ मिलिग्रॅम औषध असतं. पहिल्यांदा दोन गोळ्या एकदम, म्हणजे ४ मिलिग्रॅम. पुढची गोळी घड्याळ बघून नाही, पुन्हा पातळ झालं तरच, आणि एकच. चोवीस तासांत सगळ्या मिळून चार गोळ्या, म्हणजे ८ मिलिग्रॅम, इथे थांबायचं. डॉक्टर लक्ष ठेवून असतील तर ते १६ मिलिग्रॅमपर्यंत जातात, पण ते त्यांनी ठरवायचं. त्या तरुणानं सात वाजता दोन घेतल्या. बस सुटायच्या आधी एकदा पातळ झालं, तेव्हा तिसरी. चौथीची गरज लागली नाही. सकाळी उतरल्यावर त्याचा फोन आला, "आज संडासच झाली नाही, आता पोट साफ व्हायचं काही घेऊ का?" काही घ्यायचं नाही. एखाद-दोन दिवस पोट बांधलेलं राहणं हे या गोळीचं अपेक्षित काम आहे.

लोकांची गफलत होते ती पहिल्या तासात. दोन गोळ्या घेतल्या, अर्ध्या तासानं पुन्हा जावं लागलं, की "गुण येत नाही" म्हणून आणखी दोन घशाखाली. औषध रक्तात पूर्ण चढायलाच चार-पाच तास लागतात आणि अर्धं उतरायला साधारण अकरा. घाईघाईत घेतलेल्या गोळ्या मग रात्री एकदम साठतात. जुलाब सुरू नसताना, केवळ प्रवासात होऊ नयेत म्हणून आधीच एक घेणारेही भेटतात. त्यांना मी देत नाही.

गोळीबरोबर मी ओआरएसची पुडी हातात ठेवतेच. गोळीनं जाणं कमी होतं, शरीरातून गेलेलं पाणी आणि मीठ परत येत नाही. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. अर्धी पुडी ग्लासात टाकून प्यायची नाही. प्रत्येक जुलाबानंतर साधारण ग्लासभर प्यायचं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. फळांच्या चवीची डबाबंद गोड पेयं यात धरू नका. त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं, त्यानं जुलाब उलट वाढू शकतात. खायला पचेल ते काहीही, दहीभात, मऊ खिचडी. उपास करायची गरज नाही.

आता उलट बाजू. एक बाई नवऱ्यासाठी आणखी एक पट्टी मागायला आल्या. पहिली दुसऱ्याच दुकानातून नेली होती. म्हणाल्या, "जाणं तर थांबलंय, पण पोट दुखायचं राहत नाही." म्हटलं, थांबलंय तर आणखी कशाला? मग एकेक बाहेर आलं. आदल्या रात्री थंडी वाजून ताप आला होता. पॅरासिटामॉल दिल्यावर उतरला, म्हणून गोळी घेताना "ताप नाही" असं त्यांनी प्रामाणिकपणे धरलं. सकाळी आव पडली होती, किंचित लाल. ती मूळव्याधीची असेल असं वाटलं. आता पोट गच्च फुगलेलं, वारा सरत नव्हता, ताप पुन्हा १०२. मी पट्टी दिली नाही. रिक्षा करून लगेच दवाखान्यात न्या, असं सांगितलं. त्यांना दाखल करून घेतलं, तोंडातून बंद करून सलाईन लावलं, शौचाची तपासणी झाली, अँटिबायोटिक दिलं. आठवडाभरात ते बरे होऊन घरी आले.

या प्रसंगात फसवणारी गोष्ट म्हणजे जुलाबांची घटलेली संख्या. घरातली माणसं तीच मोजतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. गोळी घेतल्यावर ती संख्या घटणारच, आजार असो वा नसो. म्हणून गोळीनंतर बघायचं ते पोट मऊ आहे का, वारा सरतोय का, ताप चढतोय का, लघवी होतेय का. पोट फुगत चाललं, दुखणं वाढलं किंवा ताप आला, तर गोळी तिथेच बंद करून डॉक्टरकडे. दोन दिवसांत फरक पडला नाही तरी तसंच, तिसऱ्या दिवशीची गोळी नाही. ताप मोजायचा तो पॅरासिटामॉल घेण्याआधी. आधीच घेतलं असेल तर ते सांगा, कारण थर्मामीटरवरच्या ९९ चा अर्थ मग वेगळा होतो. रक्त मूळव्याधीचं की आतड्याचं, हे काउंटरवरून मला कळत नाही आणि घरी तुम्हालाही कळणार नाही. लाल दिसलं की ही गोळी नाही, एवढं सोपं ठेवा. डांबरासारखी काळी शौच झाली तरीही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळसर होते, ते डॉक्टरांना सांगावं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी गोळी न्यायला आलात तर मी आणखी एक विचारते, याआधी चार-पाच दिवस पोट साफ होत होतं का? कडक मळ आत अडकून बसला की त्याच्या कडेनं पातळ पाणी झिरपतं आणि घरच्यांना ते जुलाब वाटतात. तिथे ही गोळी म्हणजे आगीत तेल. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं तर अजिबात नको.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हल्ली वरचेवर समोर येते. गजकर्णासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल अनेक जण महिना-महिना घेत असतात. त्या चालू असताना लोपेरामाइडचं रक्तातलं प्रमाण वाढतं, कारण ते शरीरातून निघून जायची वाट त्या अडवतात. आणि जास्त प्रमाणात हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. त्यातल्या बहुतेक केसेस ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या खाणाऱ्यांच्या होत्या, त्यामुळे चार गोळ्यांनी घाबरायचं कारण नाही. पण कॅप्सूल चालू असतील, ठोक्यांचा त्रास असेल किंवा त्यासाठी औषधं चालू असतील, तर मला आधी सांगा. मी बहुतेक वेळा डॉक्टरांना फोन लावून विचारते.

आणि डॉक्टरकडे जावंच लागलं, तर ही गोळी किती वाजता आणि किती घेतलीत ते आपणहून सांगा, पट्टीही बरोबर न्या. ते विचारतील, "किती वेळा जुलाब झाले?" तुम्ही म्हणाल, "दोनदाच." चार गोळ्या पोटात आहेत हे त्यांना माहीत नसेल, तर त्या दोनदाचा अर्थ ते चुकीचा लावतील.