रात्रीच्या लोडमध्ये गळालेल्या चौदा पावत्या

आमच्या डेअरीला खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांतल्या गावांमधून दूध येतं. केंद्रावर माप झालं की शेतकऱ्याच्या नावाची पावती होते आणि तिची नोंद बेळगावच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये येते. रात्री एक वाजता दिवसभराच्या नोंदी ओरॅकलवरच्या रिपोर्टिंग डेटाबेसमध्ये चढतात आणि दर दहा दिवसांचं बिल तिथूनच निघतं. म्हणजे इथे एक ओळ गळाली तर कुणाच्या तरी दुधाचे पैसे गळाले. हिशेब तपासनीसांनी सांगितलं, ‘रात्री एकही नोंद हरवत नाही हे आकड्यांनी दाखवा.’ ते काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीला सकाळी नऊ वाजता दोन्हीकडे `COUNT(*)` चालवला की आकडे रोज वेगळे यायचे, पण त्या फरकाला अर्थ नव्हता. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्क जातं आणि तिथल्या केंद्रांच्या आदल्या संध्याकाळच्या पावत्या सकाळी येऊन पोचतात. रात्री एकला जे चढलं त्याची तुलना नऊ वाजताच्या मूळ डेटाशी करण्यात काहीच हशील नाही. मोजणी आणि उचल एकाच क्षणाची हवी. म्हणून डेटा उचलणारी स्क्रिप्ट आता `START TRANSACTION WITH CONSISTENT SNAPSHOT` ने सुरू होते. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी मोजणी होते, ती एका नियंत्रण टेबलमध्ये लिहिली जाते, मग फाइल निघते. निवडही संकलनाच्या तारखेवर न ठेवता नोंद सर्व्हरवर पोचल्याच्या वेळेवर ठेवली, त्यामुळे उशिरा आलेली पावती पुढच्या रात्रीच्या खेपेत जाते.

एवढं झाल्यावर खोटे फरक थांबले आणि खरा फरक उघडा पडला. एका रात्री मूळ मोजणी 18,432, फाइलमधल्या ओळी 18,432, स्टेजिंग टेबलमध्येही 18,432 आणि अंतिम टेबलमध्ये 18,418. प्रत्येक टप्प्यावर मोजल्यामुळे एक गोष्ट लगेच कळली. पावत्या वाटेत हरवल्या नव्हत्या, ओरॅकलच्या आत पोचल्यानंतर गेल्या होत्या. तरी लॉगमध्ये एररचा मागमूस नाही.

मग केंद्रनिहाय मोजलं. निपाणीच्या बाजूच्या एका केंद्रावर 4 कमी, खानापूरकडच्या एकावर 6, चिकोडीकडच्या एकावर 4. सकाळची किंवा संध्याकाळची अख्खी पाळी गेली असती, तर त्या केंद्राच्या शंभरेक पावत्या एकदम कमी दिसल्या असत्या. इथे मोजक्याच गेल्या होत्या आणि तिन्ही आकडे सम होते. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दूध घालणारा शेतकरी दिवसाला दोन पावत्या करतो, गाईचं आणि म्हशीचं वेगळं घालत असेल तर चार. तेव्हा माझा संशय पावत्यांवरून माणसांवर गेला.

नक्की कोणत्या पावत्या, हे पाहायला मूळ डेटाबेसमधल्या पावती क्रमांकांची यादी ओरॅकलमध्ये एका तात्पुरत्या टेबलात घेतली आणि वजाबाकी केली. लोडच्या प्रत्येक खेपेला आम्ही क्रमांक देतो, तो खाली `:batch` आहे.

```sql
SELECT slip_id FROM src_keys
MINUS
SELECT slip_id FROM fact_milk
WHERE batch_id = :batch;
```

ही वजाबाकी उलट्या दिशेनेही करावी लागते, म्हणजे मूळ ठिकाणी नसलेलं काही इकडे आहे का तेही दिसतं. शिवाय `MINUS` दुहेरी ओळी एकच धरतो. एखादी पावती दोनदा चढली असेल तर ती इथे दिसणारच नाही, म्हणून `COUNT(*)` आणि `COUNT(DISTINCT slip_id)` सारखे आहेत ना हे मी वेगळं बघते. पाच पावत्या गळाल्या आणि दुसऱ्या पाच दोनदा चढल्या, तर एकूण मोजणी तंतोतंत जुळते आणि आपण निर्धास्त राहतो. एकूण आकड्यावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

चौदा पावत्या मिळून सहा शेतकऱ्यांच्या निघाल्या. निपाणीकडच्या केंद्राच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, “ताई, त्यांचं खातं ह्याच महिन्यात काढलंय बघा. नव्या ॲपवर नाव मराठीतच घातलंय.” सहाही जण नवे होते आणि सहांपैकी एकाचंही नाव रिपोर्टिंगच्या शेतकरी टेबलमध्ये नव्हतं. चिकोडीकडच्या दोघांची नावं कन्नडमध्ये होती. जुन्या ॲपमध्ये नाव इंग्रजी अक्षरांतच जायचं, नव्या ॲपने आपली लिपी चालू केली होती.

शेतकऱ्यांची यादी एसक्यूएल लोडरने चढते. त्याच्या लॉगमध्ये उत्तर लिहिलेलंच होतं:

```
ORA-12899: value too large for column
"DW"."STG_FARMER"."FARMER_NAME" (actual: 65, maximum: 50)
```

कॉलम `VARCHAR2(50)` होता आणि आमच्या ओरॅकलमध्ये ते पन्नास बाइट धरले जातात. यूटीएफ-8 मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी आणि कन्नडच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. ‘बाळकृष्ण रामचंद्र’ एवढ्यातच 49 बाइट संपतात, आडनावाला जागाच उरत नाही. मायएसक्यूएलमध्ये `VARCHAR(50)` म्हणजे पन्नास अक्षरं, त्यामुळे तिकडे नाव बिनतक्रार बसलं होतं.

तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. नाकारलेली ओळ असली की युनिक्सवर एसक्यूएल लोडर 2 हा कोड परत करतो, पण ज्या एजन्सीने स्क्रिप्ट लिहिली तिने फक्त 1 ला अपयश मानलं होतं. नाकारलेल्या ओळींची `.bad` फाइल रोज त्याच नावाने नव्याने लिहिली जात होती, त्यामुळे आदल्या रात्रीच्या ओळी पुसल्या जायच्या. आणि पावत्या अंतिम टेबलमध्ये जाताना शेतकरी टेबलशी इनर जॉइन होता. शेतकरी सापडला नाही की पावती मुकाट्याने वगळली जाते आणि यात डेटाबेसच्या दृष्टीने एरर काहीच नाही. मला सगळ्यांत घातक हा तिसरा भाग वाटतो. नाकारलेल्या ओळीचा निदान कुठेतरी उल्लेख राहतो, जॉइनमध्ये गळालेलीचा कुठेच राहत नाही.

कॉलम `VARCHAR2(100 CHAR)` केला. इनर जॉइनच्या जागी लेफ्ट जॉइन घातला, शेतकरी सापडला नाही तर पावती ‘अनोळखी’ खात्यावर चढते आणि डोळ्यांसमोर राहते. `.bad` फाइलच्या नावात तारीख आली. नाकारलेले शेतकरी पुन्हा आपोआप उचलले जात नव्हते, कारण लोड पुढच्या वेळेपासूनच सुरू होतो. म्हणून नवं ॲप आल्यापासूनचे सगळे शेतकरी क्रमांक त्याच वजाबाकीने तपासले, राहिलेले परत चढवले आणि त्यांच्या पावत्याही.

आता रोज सकाळी अहवालात उचललेल्या, चढलेल्या, नाकारलेल्या आणि नियमाने वगळलेल्या ओळींचे आकडे केंद्र आणि पाळीनुसार येतात. पहिला आकडा बाकी तिघांच्या बेरजेइतका नसेल तर बिलाचं काम सुरू होत नाही. ओळी जुळल्या तरी आतलं माप बदललं नाही हे यातून सिद्ध होत नाही, म्हणून लिटर आणि रकमेची बेरीजही दोन्हीकडून घेते. फॅट आणि एसएनएफची बेरीज अजून घेत नाही. ते दशांश दोन्ही डेटाबेसमध्ये वेगळ्या प्रकारच्या कॉलमात आहेत आणि आधी ते एकसारखे करायचे आहेत.