आज काका दिसलेच नाहीत

आज सकाळी गल्लीत काका दिसले नाहीत आणि मला कसंतरीच झालं. रिटायर झाल्यापासून रोज साडेसहाला वॉकला निघतात आणि समोर येईल त्या प्रत्येकाला "नमस्कार, काय म्हणताय?" सुरुवातीला मी तर चक्क मोबाईल कानाला लावून बोलतोय असं दाखवायचो 😄 पण त्यांची एक खुबी आहे, उत्तरासाठी थांबत नाहीत, हात वर करून पुढे जातात, त्यामुळे माणूस अडकत नाही आणि मग आठ-दहा दिवसांनी आपलाच हात आपोआप वर जातो.

कोपऱ्यावरचे दोघं पार्किंगच्या भांडणापासून एकमेकांकडे बघतही नव्हते, एकदा दोघांनी काकांना एकदमच नमस्कार केला आणि ओशाळून हसले. बोलणं अजून फारसं नाही, पण गाडी आता जरा सरकवून लावतात.

तर आज काका नाहीत म्हणून गेटपाशी आम्ही चार-पाच जण थांबलो, त्यातल्या दोघांची नावं मला आज कळली, तीन वर्षं समोर राहून! शेवटी एकाने फोन लावला. काकूंनी उचलला. नातू आलाय म्हणे, रात्री दोनपर्यंत पत्ते कुटत बसले होते, अजून घोरतायत.