जाधव म्हणजे यादवच का?

"तुम्ही जाधव, म्हणजे देवगिरीच्या यादवांचे वंशज ना?"

असेलही, पण सिद्ध करता येत नाही. यादवांचं राज्य आमच्या ठाण्यापर्यंत होतं. रामदेवरायाच्या काळातले ताम्रपट इथेच सापडलेत. त्याचा जावई हरपाळदेव 1317च्या सुमारास मारला गेला आणि राज्य संपलं. जाधव ठळकपणे पुढे येतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस, सिंदखेडच्या लखुजीरावांच्या रूपाने. जिजाऊंचे हे वडील 1629 मध्ये निजामशाही दरबारात मुलांसह मारले गेले, तेही देवगिरीवरच, म्हणजे तेव्हाच्या दौलताबादेत. हा योगायोग ऐकला की अंगावर काटा येतो, पण तो काही पुरावा नव्हे. मधली अडीचशे वर्षं जोडणारी, बापामागे मुलगा दाखवणारी कागदपत्रं कुणी पुढे केलेली माझ्या पाहण्यात नाहीत.

आमच्या गावी भाटाच्या चोपडीतून उतरवून घेतलेली वंशावळ आहे. रामदेवरायापासून माझ्या आजोबांपर्यंत तिच्यात एकोणीस नावं आहेत. पिढीला पंचवीस वर्षं धरली तरी एवढ्या काळात पंचवीसेक नावं हवीत. त्याहून मोठी गोम दुसरीच आहे. रामदेवरायाच्या नातवाचं नाव त्यात सुभानराव! सुभान हे अरबी वळणाचं नाव, सुलतानांच्या चाकरीत पिढ्या गेल्यावर मराठी घरांत रुळलेलं. यादवांच्या घरात नावं असत ती भिल्लम, सिंघण, कृष्ण, महादेव अशी. म्हणजे वंशावळीचा खालचा भाग खरा असावा. वतनाच्या भांडणात चार पिढ्या सांगाव्याच लागत, त्यामुळे त्या लक्षात राहत. वरचा भाग नंतर चिकटवलेला दिसतो. भाटालाही बिदागी हवीच की!

शिवाय आडनाव एक म्हणजे कूळ एक, असंही नाही. आमच्या सोसायटीच्या पाटीवर जाधव भरपूर आहेत. त्यांत मराठा आहेत, बौद्ध आहेत, बंजारा आहेत, आणि प्रत्येकाच्या घरची परंपरा वेगळी. शिंदे आणि पवारांचंही तेच. सिंद राजे किंवा धारचे परमार सगळ्यांच्याच वाट्याला कसे येतील?

सोयरीक जुळवताना मात्र आमच्याकडची जुनी माणसं राजवंश विचारतच नाहीत, देवक विचारतात. आमचं पंचपल्लव. लग्नाच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावरून आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ अशी पानांची जुडी आणायची, घरी पुजायची. देवक एक निघालं की आडनावं वेगळी असली तरी बोलणी तिथेच थांबतात. चुलतबहिणीसाठी मोऱ्यांचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी ऐरोलीत. पण त्यांचंही पंचपल्लव निघालं. काकूने चहा दिला आणि पत्रिका परत केली. यादवांचं नाव कुणी काढलंसुद्धा नाही.