बोर्डावर डायोड होता

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर रिपेअरला येणं ही आमच्याकडे रोजचीच गोष्ट आहे, पण हा बोर्ड आला तोच वैतागलेल्या सेक्रेटरींबरोबर. मोटार रात्रभर चालू राहिली, टाकी भरून पार्किंगमध्ये पाणी, सकाळी लोक त्यांच्या दारात. आणि हे पहिल्यांदा नाही, आधी एका दुकानातून दोनदा तरी दुरुस्त करून आणलेला. प्रत्येक वेळी तिथे ट्रान्झिस्टर बदलून दिला, बोर्ड महिना-दीड महिना नीट चालला आणि परत तेच. "आता कायमचं करा नाहीतर नवीन घेतो" असं म्हणून ते बोर्ड टेबलावर ठेवून गेले.

बोर्ड स्थानिकच बनावटीचा, साधा. नॅनोवर असतो तोच मायक्रोकंट्रोलर, एटीमेगा ३२८, पाच व्होल्टवर. टाकीतल्या फ्लोटचा सिग्नल येतो, एक पिन वर जाते, रिले ओढला जातो, रिलेच्या कॉन्टॅक्टमधून स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला सप्लाय आणि मोटार सुरू. आता रिले आहे १२ व्होल्टचा निळा डबीवाला, त्याची कॉइल ४०० ओहम, म्हणजे ३० मिलिअँप खाते. पिनमधून आरामात घ्यायचे ते २० मिलिअँप, ४० ही शेवटची मर्यादा, आणि पिनवर मिळतात पाचच व्होल्ट, त्यामुळे मधे ट्रान्झिस्टर लागतो. इथे बीसी ५४७, बेसला १ के चा रेझिस्टर, बेस ते ग्राउंड १० के चा. हे सगळं बरोबर होतं. १ के मधून चार मिलिअँपच्या वर बेस करंट जातो, तीस मिलिअँपची कॉइल ओढायला ते भरपूर झालं. बरेच लोक इथे १० के टाकतात, टेबलावर चालतं म्हणून, आणि मग ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापतो. हा बोर्ड बनवणाऱ्याने ते नीट केलं होतं, म्हणून तर मला आधी त्याच्याबद्दल बरं वाटलं.

पॉवर दिली. रिले लगेच टक् करून बसला आणि पिनवरचा एलईडी मात्र बंद. इथेच प्रोग्रॅम निर्दोष सुटला. बेसवर शून्य व्होल्ट आणि कलेक्टरवरही शून्य, म्हणजे पिन काहीच सांगत नाहीये तरी कॉइलची खालची बाजू ग्राउंडला चिकटलेली आहे. ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट. काढून मीटरला लावला, दोन्हीकडून बीप.

आता रिले चालवणारा ट्रान्झिस्टर परत परत शॉर्ट होतोय म्हटल्यावर कुणीही पहिला डायोडच बघेल. कॉइलमधला करंट एकदम तोडला की तो करंट थांबायला तयार नसतो, कॉइल आपल्या टोकांवर व्होल्टेज चढवत नेते, जिथून वाट मिळेल तिथून जायला बघते. म्हणून कॉइलला समांतर एक डायोड टाकायचा, पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे. एरवी तो उलटा, गप्प बसलेला. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलचा करंट त्याच डायोडमधून फिरत फिरत विझतो. तो डायोड नसेल तर सगळा मार ट्रान्झिस्टरवर.

पण डायोड होता. ट्रान्झिस्टरच्या शेजारीच काळा १एन ४००७, पट्टी कलेक्टरकडे, सोल्डर चकचकीत. मीटरला डायोड मोडवर बघितला, एका बाजूने ०.५६, दुसऱ्या बाजूने आकडा हळूहळू चढत चढत शेवटी OL, म्हणजे मीटरच्या मापाच्या पलीकडे. एकदम ठणठणीत डायोड. आधीच्या दुकानदारानेही हेच केलं असणार, डायोड चांगला आहे बघितला, ट्रान्झिस्टर बदलला, दोनशे रुपये घेतले.

मी नवीन बीसी ५४७ टाकला, रिले पाच-सहा वेळा चालू-बंद केला, सगळं छान. या फॉल्टचं हेच वाईट आहे, की टेबलावर तो दिसतच नाही.

खरं तर ते ०.५६ बघूनच मान वर व्हायला हवी. डायोड कॉइलला समांतर असेल तर बोर्डावरच्या बोर्डावर तो कधीच असा स्वच्छ दिसत नाही. मीटर डायोड मोडला साधारण १ मिलिअँप सोडतो, आणि ४०० ओहमच्या कॉइलमधून १ मिलिअँप गेला की ०.४ व्होल्ट पडतात. डायोडला उघडायला याहून जास्त लागतात, म्हणजे सगळा करंट कॉइलमधूनच जाणार आणि मीटर दोन्ही बाजूंनी ०.४ च्या आसपासच दाखवणार, डायोड चांगला असो, आतून तुटलेला असो नाहीतर बसवलेलाच नसो. त्याला तपासायचं तर एक पाय उचलावाच लागतो. इथे एक बाजू ०.५६ आणि दुसरी OL येतेय याचा अर्थ कॉइल त्याच्या समांतर नाहीच. आणि तो हळूहळू चढणारा आकडा म्हणजे मीटरचा करंट कॉइलमधून १२ व्होल्टच्या लाइनवर जाऊन तिथला मोठा कपॅसिटर भरत होता.

बोर्ड उलटा करून ट्रॅक बघितला. डायोडची पट्टीची बाजू कलेक्टरला, दुसरी बाजू सरळ ग्राउंडला. म्हणजे डायोड ट्रान्झिस्टरला समांतर, कॉइलला नाही! या जागी तो काहीही करत नाही. बंद होताना कलेक्टर वर उसळतो, आणि वर उसळणाऱ्या कलेक्टरला हा डायोड उलटाच आहे, आणि ४००७ उलट्या बाजूने हजार व्होल्ट सोसतो. बीसी ५४७ चं रेटिंग ४५ व्होल्ट. कोण आधी मरणार ते सांगायला नकोच. तो डायोड म्हणजे दारात बसवलेला नुसता फोटोतला वॉचमन.

स्कोप लावला, प्रोब १० एक्सवर, कलेक्टरवर. चालू असताना शून्याला टेकलेली रेघ, बंद करताच ती रेघ सरळ वर, सत्तर व्होल्टच्या पुढे, आणि तिथे वरून कापल्यासारखी सपाट होऊन मग खाली. मला ते सपाट डोकं बघून जास्त वाईट वाटलं. कॉइल मोकळी सोडली तर याहून बरंच वर जाईल, सत्तरला ती थांबतेय कारण ट्रान्झिस्टर स्वतः तिथे फुटून करंट वाहून नेतोय. एका वेळची ऊर्जा अगदी किरकोळ, एक मिलिज्यूलही नाही, म्हणून तो लगेच मरत नाही. पण टाकी काठोकाठ आली की पाणी हलतं, फ्लोट वरखाली होतो, रिले टकटक करतो, आणि प्रत्येक बंदला एक फटका. कधीतरी एका फटक्याला तो शॉर्ट होतो. आणि शॉर्ट झाला की मोटार बंद व्हायचा प्रश्नच उरत नाही. तो ओपन झाला असता तर निदान पाणी नाही म्हणून लोकांनी आरडाओरडा केला असता, शॉर्टची बातमी मात्र पार्किंगमधूनच येते.

दुरुस्ती सोपी होती. जुना डायोड काढला. त्याची पट्टी ज्या भोकात होती ते कलेक्टरचं भोक, त्यात आता नवीन डायोडचा बिनपट्टीचा पाय, आणि पट्टीचा पाय स्लीव्ह घालून १२ व्होल्टच्या ट्रॅकवर, हिरवा थर खरवडून. रिलेच्या पायांवर खालून डायोड टाकायचा मोह होतो पण या निळ्या रिलेत कॉइलच्या दोन पायांच्या बरोबर मधे कॉमनचा पाय येतो, त्यावर २३० व्होल्ट असतात. मी असे खालून आडवे टाकलेले डायोड बघितलेत, बघून अंगावर काटा येतो. परत स्कोप लावला, आता बंद करताना रेघ १२ च्या जेमतेम वर, पाऊण व्होल्टभर, काही क्षण तिथे चालून मग शांतपणे १२ वर.

मग बनवणाऱ्यालाच फोन लावला, बोर्डावर नंबर होताच. पहिलं उत्तर, "अहो डायोड आहे की त्यात!" म्हटलं आहे, पण कुठे आहे ते बघा. मग म्हणाला जुन्या बोर्डाला असा प्रॉब्लेम कधीच नव्हता. जुन्यात काय होतं विचारलं, तर ट्रान्झिस्टरच्या जागी यूएलएन २००३ ही रिले ओढणारी तयार आयसी. आणि तिथे मला सगळं कळलं. त्या आयसीत प्रत्येक आउटपुटला आतच डायोड असतो, आउटपुटवरून कॉम नावाच्या पिनला, आणि कॉम १२ व्होल्टला जोडायची. पण डेटाशीटमधलं आतलं चित्र बघितलं तर आउटपुट आणि ग्राउंडच्या मधेही एक डायोड काढलेला असतो. तो चिपच्या बनावटीतच आपोआप तयार होणारा, कॉइलसाठी त्याचा उपयोग नाही. याने खर्च वाचवायला आयसी काढून ट्रान्झिस्टर टाकला आणि चित्रातला एक डायोड उचलला, तो नेमका हा. "मॉसफेटच्या चित्रात पण असाच असतो ना पण," हे वर. असतो ना, तो मॉसफेटच्या अंगातलाच, त्यामुळे कॉइलचा डायोड वाचत नाही.

वर मला म्हणतो कॉइलला डायोड टाकला की रिले हळू सुटतो. हे खरं आहे, करंट डायोडमधून फिरत राहतो म्हणून आर्मेचर काही मिलिसेकंद उशिरा सुटतं, आणि जड डीसी लोड तोडणाऱ्या रिलेत लोक त्यासाठी डायोडबरोबर झेनरही घालतात. पण इथे रिले फक्त एक कॉन्टॅक्टर सोडतोय आणि टाकी काही मिलिसेकंदांत ओसंडत नाही. हा मुद्दा त्याने कुठेतरी ऐकून ठेवला होता आणि अडचणीत आल्यावर बाहेर काढला. माणूस वाईट नाही तसा, पण टेस्टिंग म्हणजे दहा वेळा टक टक वाजलं की पॅक, एवढंच.

त्या बॅचचे बोर्ड किती ठिकाणी गेलेत ते त्याने सांगितलं नाही, बघतो म्हणाला. सेक्रेटरींच्या ओळखीने शेजारच्या सोसायटीतला एक मागवला. तो अजून चालू होता, एकदाही बिघडलेला नाही, ट्रान्झिस्टर मीटरवर पूर्ण चांगला. डायोड मात्र त्याच जागी, ग्राउंडला. डायोडची जागा बदलणं तर होतंच, पण तो चांगला दिसणारा ट्रान्झिस्टर ठेवायचा की काढायचा यावर मी बराच वेळ घालवला. किती फटके खाल्लेत त्याने, मीटर ते सांगत नाही. शेवटी काढला, वस्तू दोन रुपयांची आहे. त्यांच्या सेक्रेटरींनी बिल बघून विचारलं, "चालू होता ना, मग बदलला कशाला?" स्कोपवरचा आधीचा फोटो मोबाइलवर दाखवला, ते म्हणाले बरं बरं, पण ट्रान्झिस्टरचे पैसे काही दिले नाहीत.