आमची वाटचाल : फडक्यापासून पातेल्यापर्यंत

सुरुवातीला आमच्या दही-धंद्याचं भांडवल म्हणजे दोन पातेली आणि खुंटीला टांगलेली मलमलची फडकी. गिऱ्हाईक घट्ट दही मागायचं, आम्ही लावलेलं दही टांगायचो. पाच लिटर गाईच्या दुधाचं हाती यायचं जेमतेम दोन किलो, बाकी सगळी निवळी. वर एका खानावळवाल्यांनी ऐकवलं, "ताई, हा चक्का झाला. मला भाताबरोबर वाढायला दही पाहिजे." त्यांचं बरोबर होतं. फडक्यातून पाणी गेलं की दही लोण्यासारखं मऊ होतं, पण वडी पडत नाही.

मग दूध पावडर घेतली. पहिल्याच दिवशी लिटरला साठ ग्रॅम घातली. दही विटेसारखं लागलं, पण जिभेवर पिठूळ आणि गोडसर, अगदी फसलेल्या पेढ्यासारखं. पावडरीत निम्मी दुधाचीच साखर असते, तिची ती गोडी. शिवाय गरम दुधात टाकल्यामुळे गुठळ्या झाल्या होत्या. आता लिटरला तीस ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर थोड्या गार दुधात कालवतो, गाळतो आणि मगच सगळं दूध तापवतो. चमच्याने कापलं की कड सरळ राहते.

आटवण्याचा प्रयोग सासूबाईंचा. रुंद पातेल्यात मंद आचेवर, ढवळत, लिटरचं पाऊण लिटरहून थोडं जास्त उरेपर्यंत. ८०० मिलीपर्यंत आटवलेल्या दुधात आणि तीस ग्रॅम पावडर घातलेल्या दुधात घन भाग जवळपास सारखाच भरतो, तरी दही वेगळं लागतं. पावडरीने स्निग्धांश वाढत नाही, म्हणून दही कडक आणि थोडं कोरडं. आटवल्यावर सायीचा अंशही दाटतो, म्हणून चमचा गुळगुळीत फिरतो आणि चवीला बासुंदीची किंचित झाक येते. गॅस मात्र जास्त जातो, आणि ढवळायला चुकलं की करपट वास आख्ख्या लॉटला.

एक गोष्ट उशिरा कळली. घट्टपणा नुसता आटण्याने येत नाही. दूध साधारण ८५ अंशांना अर्धा तास राहिलं की निवळीतली प्रथिनं दुधातल्या केसिन या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही पाणी धरून ठेवतं. आम्ही पूर्वी उकळी आली की लगेच उतरवायचो. म्हणूनच मडकी उघडल्यावर वर पाणी दिसायचं.

दाट दूध लागायला वेळही घेतं. बोटाला कोमट लागेल इतकं निवल्यावर विरजण लावायचं आणि मडकं हलवायचं नाही. साध्या दुधाला सहा तास, याला सात-आठ. घाईने फ्रिजमध्ये टाकलेली वीस मडकी मी स्वतः परत घेतली आहेत.

हे दही घोटलं मात्र की सैल पडतं, निवळी सुटते. त्यामुळे श्रीखंडाला ते चालत नाही. पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या खुंटीवर अजूनही फडकी टांगलेली असतात.