पाटीवरचं नाव दहाव्या रांगेतून दिसतं का?

आमच्या वाङ्मय मंडळाच्या दोन दिवसांच्या एकांकिका महोत्सवासाठी प्रायोजक हवे होते. मंडळाचं काम माझ्याकडे असल्याने डिसेंबरातल्या एका दुपारी मी दोन विद्यार्थ्यांसोबत दादरच्या गोखले रोडवर गेलो. तिसरं दुकान चष्म्यांचं. मालक साठीचे. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला बसवून घेतलं.

सचिव मुलीने लॅपटॉप उघडला. सुवर्ण पंचवीस हजार, रौप्य दहा हजार, कांस्य पाच हजार. सुवर्णला रंगमंचामागच्या फलकावर मोठं बोधचिन्ह, रौप्यला मध्यम, कांस्यला लहान. काकांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली.

"फलकावर एकूण किती नावं?"

"बारा-पंधरा, काका."

"मग दहाव्या रांगेतून माझं दिसेल? आणि मोठ्या अक्षरांसाठी मी पंधरा हजार जास्त का द्यायचे?"

ती गप्प झाली. मीही. आमचे तीनही स्तर खरं तर एकच गोष्ट तीन मापांत विकत होते, हे मला तेव्हा कळलं.

पुढचा प्रश्न प्रेक्षकांचा. स्लाइडवर 'दोन हजारांहून अधिक' होतं. मुलीने वही काढली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की गेल्या वर्षी दारावर फाडलेल्या पासांचे तुकडे मोजले तेव्हा दोन दिवसांचे मिळून ६४० भरले होते. दोन हजार हा इन्स्टाग्रामचा आकडा आहे. मला तिचा अभिमान वाटला. काका म्हणाले, "हे ६४० पुरेत मला. कॉलेजच्या मुलांना चष्मा लागतोच."

मग त्यांच्याच काउंटरवर आम्ही रौप्य स्तर नव्याने लिहिला. प्रवेशद्वाराशी दोन्ही दिवस एक टेबल, मोफत नेत्रतपासणी, प्रत्येक पासाच्या मागे दुकानाचं सवलतीचं कूपन आणि मध्यंतरात एकदा निवेदन. शिवाय चष्म्याचं दुसरं दुकान आम्ही घ्यायचं नाही. ही शेवटची अट त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची होती. आम्हाला मात्र ती जपावी लागणार होती, कारण रानडे रोडवरच्या दुसऱ्या एका चष्मेवाल्याला आम्ही आधीच पत्र देऊन आलो होतो. तिथे मी त्याच संध्याकाळी जाऊन नम्रपणे नकार कळवला.

पैसे देताना काकांनी फोन काढला. आमच्यासोबतच्या विद्यार्थ्याने स्वतःचा क्यूआर कोड पुढे केला, तेव्हा मी त्याला थांबवलं. चेक कॉलेजच्या नावानेच आणि पावतीही कॉलेजचीच, नाहीतर त्यांना हा खर्च जाहिरातीत दाखवता येणार नाही. चेक दोन दिवसांनी मिळाला.

महोत्सवानंतर आम्ही टेबलाचे फोटो आणि पासांची मोजणी घेऊन गेलो. काकांनी ड्रॉवरमधून रबर लावलेली कूपनं काढली. एकतीस होती.

"पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच या," ते मुलीला म्हणाले, "डिसेंबरात माझं जाहिरातीचं बजेट संपलेलं असतं."